कागद कोण मागतो?

अमरावतीत पंचवटी चौकातून गाडगेनगरकडे जा किंवा अकोल्यात टॉवर चौकात उभे राहा, क्लासच्या फ्लेक्सवर एकच आश्वासन वेगवेगळ्या रंगांत दिसतं: सहा महिन्यांत फुल स्टॅक, चार महिन्यांत डेटा सायन्स, आणि खाली ठळक अक्षरांत ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’. फ्लेक्सखाली मुलाला घेऊन उभा राहिलेला बाप मात्र वेगळंच विचारतो, “या कागदानं पोराले क्यानडाले जाता येते का, भाऊ?” प्रश्न साधा आहे आणि अगदी बरोबर आहे. कोर्स चांगला की वाईट हे त्याने विचारलेलं नाही. कागद कुठे चालतो, हे विचारलंय.

उत्तर शोधायला लांब जायला नको, आपल्याच राज्यात वीस-पंचवीस वर्षांचा एक दाखला आहे. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, एमएस-सीआयटी सुरू केली. दोन-तीन महिन्यांचा संगणकाचा प्राथमिक कोर्स. वरुड, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट अशा तालुक्यांच्या गावी त्याची केंद्रं निघाली आणि शेतकऱ्यांच्या मुलामुलींनी फी भरून तो केला. आठवड्याभरात येणारं वर्ड-एक्सेल शिकायला एवढी रांग का लागली? कारण सरकारी नोकरीच्या जाहिरातीत, संगणक अर्हतेच्या ओळीत, ‘एमएस-सीआयटी’ असं नाव छापून येत होतं. नोकरीत असलेल्यांनी मुदतीत ती केली नाही तर त्यांची वेतनवाढही अडकत होती. टंकलेखनाचंही तसंच. लिपिक-टंकलेखकाला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द प्रतिमिनिट हा वेग भरतीच्या नियमातच लिहिलेला आहे, म्हणून त्या प्रमाणपत्राला भाव आहे.

तोच एमएस-सीआयटीचा कागद पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत दाखवा, कोणी वळूनही पाहणार नाही. कागद तोच, शाई तीच, पण मागणारा बदलला की किंमत बदलते. म्हणून कुठल्याही बूटकॅम्पची किंवा ऑनलाइन प्रमाणपत्राची पारख करताना अभ्यासक्रमाच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात. हा कागद नावानिशी कोण मागतो? परीक्षा कोणी आणि कशी घेतली? आणि हा कागद आपल्या अधिकृत गुणपत्रिकेत जातो का? प्रवेश, परदेशी स्थलांतर आणि नोकरी या तीन दारांवर या प्रश्नांची उत्तरं निरनिराळी येतात.

प्रवेशाचं दार: गुणपत्रिकेच्या आत की बाहेर

राज्यातल्या प्रवेशांपुरतं लवकर सांगून टाकतो. अभियांत्रिकीला सीईटी किंवा जेईई, एमसीएला त्याची सीईटी, एम.टेक.ला गेट. गुणवत्ता यादी या गुणांवर लागते. अर्जात ऑनलाइन कोर्सला जागा नाही, त्यामुळे गुणही नाहीत.

परदेशी विद्यापीठात मामला जरा गुंतागुंतीचा आहे, आणि फसगत इथेच जास्त होते. जर्मनीचं उदाहरण घेऊ, कारण शिक्षणशुल्क कमी असल्यामुळे वऱ्हाडातल्या मुलांचा ओढा तिकडे वाढला आहे. नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते आपली पदवी आणि गुणपत्रिका खऱ्या आहेत का, हे तपासतं. त्यानंतर विद्यापीठ आपल्या गुणपत्रिकेतले विषय आपल्या यादीशी ताडून पाहतं: गणिताची एवढी क्रेडिट, अल्गोरिदमची एवढी, सांख्यिकीची एवढी. समजा बडनेऱ्याच्या किंवा बाभूळगावच्या महाविद्यालयातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेल्या मुलाला तिकडे डेटा सायन्स करायचं आहे. त्याच्या गुणपत्रिकेत अल्गोरिदम नाही. तो एखाद्या अमेरिकी संकेतस्थळावरचा अल्गोरिदमचा कोर्स करतो आणि प्रमाणपत्र अर्जाला जोडतो. ताडणी करणारा अधिकारी ते बाजूला ठेवतो, कारण त्याला विद्यापीठाने दिलेली क्रेडिट मोजायची असतात. हेतुपत्रात त्या कोर्सचा उल्लेख शोभतो, रकाना भरत नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून एनपीटीईएल चालवतात. कोर्स बघायला फुकट आणि परीक्षेची फी साधारण हजार रुपये. आठ किंवा बारा आठवडे दर आठवड्याला गृहपाठ असतो, त्याला पंचवीस गुण. उरलेले पंचाहत्तर गुण केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून दिलेल्या परीक्षेचे. गृहपाठात पंचवीसपैकी किमान दहा आणि परीक्षेत पंचाहत्तरपैकी किमान तीस मिळाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. साठच्या वर ‘एलिट’, पंचाहत्तरच्या वर रौप्य, नव्वदच्या वर सुवर्ण. एखाद्या मुलीला गृहपाठात बावीस आणि परीक्षेत बेचाळीस पडले तर चौसष्ट होतात, म्हणजे एलिट. गृहपाठ मित्राचा उतरवून काढता येतो, पण परीक्षेच्या खोलीत मित्र नसतो. म्हणून प्रमाणपत्र वाचणारा जाणकार एकूण गुणांआधी परीक्षेचे गुण बघतो. ते प्रमाणपत्रावर वेगळे छापलेले असतात.

पण या कोर्सचं खरं बळ त्याच्या गुणांत नाही, नियमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली ‘स्वयं’वरच्या, म्हणजे एनपीटीईएलसारख्या, कोर्सची क्रेडिट पदवीत धरायला परवानगी दिली. तेव्हा मर्यादा सत्राच्या अभ्यासक्रमाच्या वीस टक्क्यांची होती, २०२१च्या नियमांनी ती चाळीस टक्क्यांवर नेली. म्हणजे त्या इलेक्ट्रिकलच्या मुलाने शिकत असतानाच, महाविद्यालयाची आधी मान्यता घेऊन, हाच अल्गोरिदमचा कोर्स एनपीटीईएलवर केला असता, तर तो विषय क्रेडिटसह गुणपत्रिकेत उतरला असता. मग एपीएसने तो तपासला असता आणि ताडणीचा अधिकारी तो मोजायला घेऊ शकला असता. ज्ञान दोन्हीकडे सारखंच. एक कागद गुणपत्रिकेच्या बाहेर राहिला, दुसरा आत गेला, एवढाच फरक.

इथे चूक होते ती वेळेची. मुलं कोर्स आधी करतात आणि विभागप्रमुखाकडे नंतर जातात. तोवर त्या सत्राची विषयनोंदणी होऊन गेलेली असते. कोर्स कोणत्या विषयाच्या बदल्यात धरला जाणार, किती क्रेडिट मिळणार, गुण गुणपत्रिकेत कसे लिहिले जाणार, ही तीन उत्तरं नोंदणीआधी लेखी घ्यावीत. स्वायत्त महाविद्यालयात हे सोपं जातं. संलग्न महाविद्यालयात संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या त्या-त्या अभ्यासक्रमाचा अध्यादेश काय म्हणतो, ते आधी वाचावं लागतं.

गुणपत्रिकेबाहेरचा कागद प्रवेशात मोजत नाहीत, याला एक ठळक अपवाद आहे. काही विद्यापीठांनी ऑनलाइन कोर्सलाच प्रवेशपरीक्षा बनवलं आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर शाखेची डेटा सायन्सची ऑनलाइन मास्टर्स पदवी तशी आहे. ठरवून दिलेले थोडे कोर्स पैसे भरून, क्रेडिटसाठी करायचे. त्यांत सरासरी बी श्रेणी राखली की प्रवेश. जुन्या गुणपत्रिका कोणी मागत नाही. एमआयटीनेही अर्थशास्त्र व धोरणविषयक मायक्रोमास्टर्सच्या परीक्षांतल्या कामगिरीला तिथल्या एका मास्टर्स प्रवेशाचा आधार केला. इथे कागद चालतो, कारण मागणाऱ्यानेच तो नाव घेऊन मागितला आहे. एमएस-सीआयटीचंच हे तत्त्व, फक्त दार दुसऱ्या देशातलं.

स्थलांतराचं दार: शून्य गुणांचा रकाना

आता त्या बापाच्या प्रश्नाकडे येऊ. कॅनडाची एक्सप्रेस एन्ट्री गुणांवर चालते, त्यामुळे तिथे भावनेला वाव नाही, बेरीज करून बघता येते. समजा अकोल्याची एक मुलगी आहे. वय सव्वीस, अविवाहित, चार वर्षांची बी.ई., पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा पगारी अनुभव तीन वर्षांचा. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत सहा बँड, म्हणजे कॅनडाच्या भाषेत सातवी पातळी.

तिला वयाचे एकशेदहा गुण मिळतात, पदवीचे एकशेवीस, इंग्रजीच्या चार भागांचे सतरा-सतरा म्हणजे अडुसष्ट. पदवी आणि इंग्रजी यांच्या जोडीचे तेरा, परदेशी अनुभव आणि इंग्रजी यांच्या जोडीचे पंचवीस. बेरीज तीनशे छत्तीस.

मग ती ऐंशी हजार रुपये भरून सहा महिन्यांचा बूटकॅम्प करते, वर तीन ऑनलाइन प्रमाणपत्रं मिळवते. बेरीज किती? तीनशे छत्तीसच. शिक्षणाचे गुण मिळवायला शैक्षणिक मूल्यांकन लागतं. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारखी संस्था मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा मंडळाची पदवी-पदविका तोलते आणि त्यासाठी गुणपत्रिकेची प्रमाणित प्रत थेट विद्यापीठाकडूनच मागते. बूटकॅम्पला त्या तराजूत जागाच नाही. बूटकॅम्पमध्ये केलेलं ‘प्रोजेक्ट’ किंवा बिनपगारी ‘इंटर्नशिप’ अनुभवातही धरली जात नाही. अनुभव म्हणजे पगारी काम, आणि त्याच्या पत्रात कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लिहिलेला हवा. काही क्लास अनुभवाचं पत्र ‘करून देतो’ म्हणतात. असं पत्र पकडलं गेलं तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं अर्ज करता येत नाही. ऐंशी हजारांपेक्षा ते फार महाग पडतं.

आता तिने बूटकॅम्पऐवजी तेच सहा महिने इंग्रजीला दिले असते तर? ऐकण्यात आठ, बाकी तिन्हींत सात बँड, म्हणजे नववी पातळी. इंग्रजीचे गुण अडुसष्टवरून एकशेचोवीस होतात. पदवीच्या जोडीचे तेराचे पंचवीस, अनुभवाच्या जोडीचे पंचवीसचे पन्नास. एकूण चारशे एकोणतीस. एका परीक्षेने त्र्याण्णव गुण वाढले. सहाचा बँड सातवर नेणं सोपं नाही. निबंधाच्या भागात बरीच मुलं साडेसहावर अडकतात. पण इथे निदान रकाना तरी आहे.

आणि हे चारशे एकोणतीसही पुरेसे नाहीत, हे तिला आजच कळलेलं बरं. २०२४ साली सर्वसाधारण फेऱ्यांचा कटऑफ पाचशेच्या वरच राहिला. म्हणून जाणकार तिला पुढची पायरी फ्रेंचची सांगतात: चारही भागांत सातवी पातळी गाठली तर दुसऱ्या भाषेचे बारा आणि वरचे पन्नास असे बासष्ट गुण वाढतात, शिवाय फ्रेंच जाणणाऱ्यांच्या फेऱ्या वेगळ्या होतात. तेही दीड-दोन वर्षांचं काम आहे. क्लासच्या फ्लेक्सवर ते सापडत नाही, कारण त्या क्लासमध्ये ते विकायला नसतं.

जर्मनीचा नियम निराळा आहे, पण निष्कर्ष तोच. नोव्हेंबर २०२३पासून आयटीतल्या माणसाला पदवी नसली तरी ब्लू कार्ड मिळू शकतं. अट अशी की गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव हवा, आणि हातात ठरावीक पगाराची नोकरी हवी. ‘पदवीशिवाय जर्मनी’ अशी जाहिरात याच नियमावरून निघते. मधली तीन वर्षं जाहिरातीत गाळलेली असतात.

नोकरीचं दार: परीक्षा कोणी घेतली

इथे मात्र चित्र बदलतं. कंपनीवर विद्यापीठासारखं नियमांचं बंधन नाही. कागद बघून तिला एवढंच ठरवायचं असतं की या उमेदवाराची मुलाखत घ्यायला वेळ घालवावा का. म्हणून मालक कोणत्या कागदाला मान देतो हे ओळखायची खूण अशी: त्या परीक्षेत नापास होता येतं का?

नुसते व्हिडिओ संपवून आणि घरबसल्या प्रश्नमंजुषा पुन्हापुन्हा देऊन मिळणारी प्रमाणपत्रं या कसोटीला उतरत नाहीत. त्यांतून शिकायला मिळतं, पण मिळालेलं ज्ञान दाखवायला दुसरं काही लागतं. याच्या दुसऱ्या टोकाला रेड हॅटची लिनक्स प्रशासकाची परीक्षा आहे, आरएचसीएसए. त्यात पर्यायी प्रश्न नाहीत. समोर चालू मशीन देतात आणि तीन तासांत काम करायला सांगतात. हरवलेला रूट पासवर्ड बदला, डिस्कचा भाग वाढवा, वापरकर्त्यांच्या परवानग्या नीट बसवा. मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावरही केलेलं काम टिकलं पाहिजे, नाहीतर गुण गेले. तीनशेपैकी दोनशे दहा लागतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी जुनं होतं. सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसाच्या रोजच्या कामाचाच हा नमुना असल्याने मुलाखतकाराचा त्यावर विश्वास बसतो. सिस्कोची सीसीएनए नेटवर्किंगच्या पहिल्या नोकरीत, आणि ॲमेझॉनची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट क्लाउडच्या कामात अशीच ओळखली जाते. ॲमेझॉनची फी दीडशे डॉलर, सिस्कोची तीनशे. दोन्हींची मुदत तीन वर्षांची, आणि दोन्ही देखरेखीखाली द्याव्या लागतात. मर्यादाही लक्षात ठेवावी: हे कागद अनुभवाच्या जोडीला वजन देतात, अनुभवाच्या जागी बसत नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या कॅम्पस भरतीत दहावीपासून साठ टक्के आणि एकही बॅकलॉग नाही अशी अट असते, तेव्हा छप्पन टक्क्यांवाल्याला ॲमेझॉनचं प्रमाणपत्र आत नेत नाही.

आणि बूटकॅम्प? खरं तर मराठी मुलांना एक जुना, नाणावलेला बूटकॅम्प ठाऊक आहे, फक्त त्याला कोणी बूटकॅम्प म्हणत नाही. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने पुण्याला ‘सी-डॅक करायला’ जाणारी मुलं त्याच्याचसाठी जातात. पुण्यात मुख्यालय असलेल्या या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक हा प्रगत संगणनाचा डिप्लोमा साधारण सहा महिन्यांचा, जवळपास नऊशे तासांचा आहे. फी सुमारे नव्वद हजार, वर जीएसटी. वर्षातून दोन तुकड्या. शिकवतात ते काही गुप्त नाही: जावा, डेटाबेस, वेब, ऑपरेटिंग सिस्टीम. तेच यूट्यूबवरही आहे. मग कंपन्या तिथे का जातात?

कारण चाळणी दोनदा लागते. आत जायला सी-कॅट द्यावी लागते. तिच्या एका भागात इंग्रजी, गणित आणि तर्क, तर दुसऱ्यात सी प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर आणि ऑपरेटिंग सिस्टीम असे विषय असतात. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकीला एक वजा. आकुर्डी, हिंजवडी की कराड, कोणतं केंद्र मिळणार हे या परीक्षेच्या क्रमांकावर ठरतं. आत गेल्यावर प्रत्येक विषयाची लेखी परीक्षा, लॅबची परीक्षा आणि अंतर्गत गुण, आणि शेवटी प्रोजेक्ट. म्हणजे कंपनीचं निवडीचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. सी-डॅकचा मान अभ्यासक्रमापेक्षा या चाळणीचा आहे. मागच्या क्रमांकाने दूरच्या केंद्रात गेलेला विद्यार्थी हे जाणून असतो. प्रवेश म्हणजे नोकरी नव्हे, आणि हा डिप्लोमा परदेशी मूल्यांकनात पदव्युत्तर पदवी ठरेल असं गृहीत धरूनही कोणी हिशेब मांडू नये.

ज्या बूटकॅम्पला अशी चाळणी नाही, त्याला आपली लायकी प्लेसमेंटच्या टक्केवारीतून दाखवावी लागते. आणि टक्केवारीचं काय होऊ शकतं, ते अमेरिकेत दिसलं. ‘लॅम्डा स्कूल’, पुढे नाव बदलून ‘ब्लूमटेक’, हा तिथला फार गाजलेला बूटकॅम्प. नोकरी लागल्यावर पगाराचा सतरा टक्के वाटा, तीस हजार डॉलरपर्यंत, असा करार असायचा. जाहिरातीत एकाहत्तर ते शहाऐंशी टक्के मुलांना नोकरी असं लिहिलेलं होतं. एप्रिल २०२४मध्ये तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने कारवाई केली तेव्हा पुढे आलं की कंपनीचे आतले आकडे पन्नास टक्क्यांच्या आसपास होते, आणि काही वेळा तीसपर्यंत खाली गेले होते.

यातून गावात उपयोगी पडेल असा एक प्रश्न हाती लागतो. क्लासवाला म्हणाला, “नव्वद टक्के प्लेसमेंट,” तर विचारावं: नव्वद टक्के कशाचे? प्रवेश घेतलेल्यांचे, कोर्स पुरा केलेल्यांचे, की ‘प्लेसमेंटला पात्र’ ठरवलेल्यांचे? शंभर मुलं आली, साठांनी पुरा केला, त्यातली तीस पात्र ठरवली आणि सत्तावीस लागली, तर जाहिरातीत नव्वद टक्के खोटं नाही. पण फी शंभरांनी भरलेली असते. मग मागच्या तुकडीतल्या दहा मुलांचे फोन नंबर मागावेत. ती मुलंही क्लासने नव्हे, आपण यादीतून निवडलेली. आणि ‘नोकरी लागल्यावर फी’ असेल तर करार घरी नेऊन वाचावा. बऱ्याचदा तो एखाद्या वित्तकंपनीच्या कर्जाचा कागद असतो, आणि नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू होतो.

फ्लेक्सखाली उभ्या असलेल्या त्या बापाला म्हणून एकच सल्ला द्यावासा वाटतो. फी भरण्याआधी पोराला ज्या दारातून जायचंय, त्या दाराचं पान उघडा: कॅनडाच्या गुणांचं कोष्टक, जर्मन विद्यापीठाची विषययादी, किंवा हव्या असलेल्या नोकरीच्या दहा जाहिराती. त्यात या कागदाचं नाव शोधा. दहातल्या सहा जाहिरातींत सीसीएनए लिहिलेलं दिसलं तर पैसे सत्कारणी लागतील. कुठेच नाव नसेल, तर तो कोर्स शिकण्यासाठी खुशाल करा, पण कागदासाठी ऐंशी हजार मोजू नका. तेवढ्यात आयईएलटीएसची फी, तिचा क्लास आणि पुण्याच्या दोन-चार फेऱ्या सहज भागतात.